विषय: संचालक (पुरवठा साखळी) पदासाठी अर्ज

माननीय निवड समिती,

सादर नमस्कार.

औषध वितरणात वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून सध्या ४ गोदामे, ६२ कर्मचारी आणि २ ते ८ अंश सेल्सिअसच्या शीतसाखळीची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या ३ वर्षांत वेळेवर आणि पूर्ण पोचलेल्या ऑर्डरींचे प्रमाण ८१ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेले.

यातला मोठा वाटा राखीव साठ्याच्या फेररचनेचा. पूर्वी प्रत्येक औषधाचा सरसकट ३० दिवसांचा साठा असे. वक्तशीर पुरवठादाराचा माल पडून मुदतबाह्य होई आणि बेभरवशाच्या पुरवठादाराचा ऐनवेळी संपे. मागणी आणि पुरवठ्याचा कालावधी किती हेलकावतो, त्यावरून साठा ठरवावा ही सूचना एका गोदाम पर्यवेक्षकाची होती. घाई मात्र माझी: १,४०० औषधांचे आकडे मी एकदम बदलले आणि दोन महिने तुटवडा सोसावा लागला. प्रणालीत माल प्रत्यक्ष आल्याची नव्हे, तर पुरवठादाराने कबूल केलेली तारीख नोंदली जात होती. नोंदी दुरुस्त करून मग २००-२०० औषधांच्या टप्प्यांनी तेच काम पुन्हा केले.

आपल्या जाहिरातीत २ वर्षांत शीतगृहाची क्षमता दुप्पट करण्याचा उल्लेख आहे. त्याआधी तापमान नेमके कुठे बिघडते ते पाहावे, असे मला वाटते. आमच्याकडे शीतगृहापेक्षा गाडी भरण्याच्या धक्क्यावर आणि शेवटच्या टप्प्यातल्या वाहतुकीत ते जास्त बिघडत असे. प्रत्येक खेपेत तापमान नोंदयंत्र, धक्क्यावर थांबण्याची कमाल वेळ आणि कडक उन्हाळा व हिवाळा अशा दोन्ही ऋतूंतली तापमान तपासणी, एवढे झाले की नवी जागा किती लागेल हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. पुढच्या टप्प्यात विक्री, खरेदी आणि वित्त या तिघांनी दरमहा मागणीचा एकच आकडा मान्य करून त्यावरच काम करावे. तिघांचे तीन आकडे असतील, तर चौथे शीतगृहही अपुरे पडेल.

हे सगळे बाहेरून पाहून लिहिले आहे. म्हणून पहिले ६० दिवस रात्रपाळीसह प्रत्येक गोदामात काढीन. तोवर रचनेत बदल सुचवणार नाही. आपल्या नोंदी वेगळे सांगत असतील, तर वरचा क्रमही बदलेल.

एक उणीव आधीच सांगते. मी खर्चाचे अंदाजपत्रक सांभाळले आहे, संपूर्ण नफा-तोट्याची जबाबदारी नाही. संचालक मंडळापुढे आकडे मांडण्याचा अनुभवही दोनच वेळचा आहे. खेळत्या भांडवलाच्या निर्णयांत पहिले वर्षभर वित्तप्रमुखांसोबत दर आठवड्याला बसण्याची माझी तयारी आहे.

नोटीस कालावधी ६० दिवसांचा आहे. परिचयपत्र आणि गोदामनिहाय आकडेवारी सोबत जोडली आहे. मुलाखतीत साठ्याच्या फसलेल्या पहिल्या फेरीचे तक्तेही दाखवू शकेन.

आपली विश्वासू,
वरिष्ठ व्यवस्थापक, पुरवठा साखळी