हरिहरला पहिल्यांदाच येताय? निघण्याआधी हे बघा

(दृश्य: निरगुडपाड्याच्या बाजूने दिसणारा हरिहर. कॅमेरा हळूहळू कातळातल्या पायऱ्यांवर येतो.)

निवेदक: नमस्कार मंडळी. रविवारी आपण हरिहरला जातोय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा हा पहिलाच ट्रेक आहे, म्हणून हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. गाडीत बसल्यावर हे सगळं नीट सांगायला वेळ मिळत नाही.

(दृश्य: टेबलावर एक लिटरच्या तीन बाटल्या, ओआरएसची पाकिटं, टोपी.)

निवेदक: आधी पाणी. माणशी तीन लिटर, आणि ज्याचं त्याने स्वतःच्या सॅकमध्ये घ्यायचं. "वर सरबतवाले असतात" या भरवशावर येऊ नका, ते असतील किंवा नसतीलही. गडावरच्या तळ्याचं पाणी तसंच प्यायचं नाही. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. पहाटे गारवा असतो म्हणून पाणी प्यायची आठवण राहत नाही, आणि नऊनंतर कातळ तापला की एकदम थकवा येतो. तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या.

(दृश्य: हात पाकीट फोडतो, पूर्ण पावडर बाटलीत ओततो.)

एक बाटली ओआरएसची ठेवा. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी, असं करू नका, प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या.

डोकं ठणकतंय, मळमळतंय, पायात गोळे येताहेत, लघवी गडद पिवळी होतेय, तर लगेच सांगा. लाजू नका. आणि सोबतचा कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 112 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

(दृश्य: दुपारचं आकाश, ढग वर वर चढताना.)

निवेदक: आता आभाळ. परतीच्या पावसाच्या दिवसांत सकाळ लख्ख असते आणि दुपारी गडगडायला लागतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उभे वाढताना दिसले, त्यांचा तळ काळा पडला, मध्येच गार वारा सुटला, की समजायचं, हाताशी वेळ थोडा आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंतही पोहोचू शकते, मग डोक्यावर ऊन का असेना. अशा वेळी माथा आणि डोंगराची सोंड सोडून खाली यायचं. एकट्या झाडाखाली, कपारीच्या तोंडाशी थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पुन्हा वर चढायचं नाही. फोनमध्ये 'दामिनी' ॲप आजच घेऊन ठेवा, आपल्या भागात वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो.

वाटेतल्या ओढ्याचं नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वरच्या अंगाला पाऊस झालाय. त्यात पाय घालू नका. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

(दृश्य: पायऱ्या जवळून. दोन्ही बाजूंच्या खोबण्यांत रोवलेली बोटं.)

निवेदक: सगळ्यात महत्त्वाचं, परत कधी फिरायचं. हरिहरवर हा निर्णय पायऱ्यांच्या खाली घ्यायचा. मधोमध पोहोचल्यावर वर माणसं, खाली माणसं, वळायला जागा नसते. शिवाय चढण्यापेक्षा उतरणं अवघड. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, खोबणीत हात पक्का धरून मग पाऊल खाली.

म्हणून पायऱ्यांच्या पायथ्याशी मी प्रत्येकाला थांबवून विचारणार आहे. दहा वाजेपर्यंत तिथे पोहोचलो नाही, तर परत. अर्धं पाणी संपलेलं असेल, तर तो माणूस वर येणार नाही. कातळ ओला असेल, धुक्यात वरची पायरी दिसत नसेल, गडगडाट असेल, पायऱ्यांवर गर्दी तुंबली असेल, तर सगळेच परत. तुमचे पाय थरथरताहेत, नुसतं "मला नको वाटतंय" एवढं म्हणालात तरी पुरे. तुमच्यासोबत आमचा एक जण खाली थांबेल. आणि कोणीही, चेष्टेतसुद्धा, "चल रे, काही होत नाही" असं म्हणायचं नाही. हा आग्रह मी खपवून घेणार नाही. भीती वाटत असलेल्या माणसाला त्या पायऱ्यांवर ढकलण्याइतकं वाईट काही नाही.

पायऱ्यांवर मोबाइल खिशात. रील माथ्यावर काढा, कड्यापासून लांब.

(दृश्य: पडद्यावर अक्षरं: रविवार, पहाटे 5, त्र्यंबक नाका.)

निवेदक: कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी सांगून निघा. चांगल्या पकडीचे बूट घाला, चप्पल-सँडल नको. नाक्यावर गाडीत बसण्याआधी तिन्ही बाटल्या भरलेल्या दाखवायच्या. रिकामी असेल, तर तिथेच भरून घेऊ आणि मग निघू.