किल्लारी : जुन्या घराच्या जागेवरचा दगड

इथे आमचं घर होतं.

पाच खणांचं माळवद, दगडामातीच्या रुंद भिंती. आजोबा दरवर्षी पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचे. घर गार राहायचं. त्या मातीचं ओझं कुणी मोजलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.
आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे उशिरा निजले होते.

या जागी गेले :
आजोबा आणि आजी,
थोरल्या काकू, ज्यांनी सकाळच्या भाकरीचं पीठ रात्रीच परातीत काढून ठेवलं होतं,
आमची आई,
आणि पाळण्यातला धाकटा. त्याचं बारसं झालं होतं, पण नाव अजून कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. सगळे त्याला बाळ्याच म्हणत. इथेही तेच लिहिलं आहे.

बाबा अंगणात झोपले होते, म्हणून राहिले. पावसात, चिखलात ज्या जवानांनी त्यांच्यासोबत दगड उपसले, त्यांची नावं विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्यांचे उपकार इथे नोंदवतो.

हा दगड त्याच भिंतीतला आहे. संगमरवर नको, असं बाबांनी बजावलं होतं.

येणाऱ्याने चपला काढायची गरज नाही. हे देऊळ नव्हे, घर आहे. शेजारच्या लिंबाला मात्र तांब्याभर पाणी घालावं.

मागे राहिलेले :
बाबा, आत्या आणि आम्ही तिघं भावंडं
नवी किल्लारी