विषय: हळद-बेदाणा आडत व्यवहाराच्या सॉफ्टवेअरचा डेमो, आमच्या गरजा आणि निवडीचे निकष

दि. ६ ऑक्टोबर २०२५
सांगली

प्रति,
विक्री विभाग, पुणे

सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात आपल्या प्रतिनिधींशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी माहितीपत्रक पाठवलं, ते वाचलं. त्यात शेतमाल व्यापारासाठी सर्व सोयी असल्याचं लिहिलं आहे. नेमक्या कोणत्या ते आम्हाला आमच्याच कागदांवर बघायचं आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो.

आमची मार्केट यार्डात आडत पेढी आहे. माल दोनच, हळद आणि बेदाणा. काही व्यवहार निव्वळ आडतीचे, काही स्वतःच्या खात्यावर खरेदीचे. कुपवाडला भाड्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा आणि शेतकऱ्यांचा बेदाणा असतो. सध्या पट्टी एका जुन्या प्रोग्रॅमवर निघते, हिशोब टॅलीत जातो, कोल्ड स्टोरेजचा साठा वहीत, आणि उचलीचा हिशोब दिवाणजींच्या डोक्यात. दिवाणजी ३१ वर्षं गादीवर आहेत. पुढच्या वर्षी त्यांना निवृत्त व्हायचं आहे, हे या खरेदीचं खरं कारण.

डेमो स्लाइडवर नको. आपला माणूस दिवाणजींच्या शेजारी बसेल आणि आम्ही देऊ त्या पट्ट्या त्यांच्यासमोर काढेल, एवढाच डेमो. त्यातली एक पट्टी आत्ताच देतो, म्हणजे तयारी करून येता येईल.

राजापुरी हळकुंड, १८ पोती, काट्यावर १,०९८.४०० किलो. बारदान पोत्यामागे १ किलो वजा, निव्वळ १,०८०.४०० किलो. दर क्विंटलला ₹१३,८५०, म्हणजे मालाची रक्कम ₹१,४९,६३५.४०. हमाली-तोलाई ₹२७०, टेम्पोभाडं ₹१,५००, उचल ₹४०,०००. शेतकऱ्याला देय ₹१,०७,८६५.४०. इथवर कुठलाही प्रोग्रॅम जाईल. आता पुढचं. हा लॉट दोन खरेदीदारांनी घेतला, एकाने ११ पोती, दुसऱ्याने ७. दुसऱ्या दिवशी ७ वाल्याने वांधा काढला, की दोन पोती ओलसर आहेत. तोडजोड होऊन त्या दोन पोत्यांचा दर क्विंटलला ₹६०० ने उतरला. तोवर शेतकऱ्याला पट्टी देऊन झाली होती आणि आरटीजीएसही गेलं होतं. हा फरक कोणाच्या खात्यावर पडला, खरेदीदाराचं बिल कसं दुरुस्त झालं, शेतकऱ्याच्या पुढच्या पट्टीत तो आपोआप आला की नाही, आणि मूळ पट्टी जशी छापली तशीच राहिली का, हे सगळं एका जागी दिसायला हवं. मूळ पट्टीवर खाडाखोड चालणार नाही. आमच्याकडे आत्ताचा प्रोग्रॅम जुनी पट्टी पुसून नवी करतो. मग शेतकरी हातात वेगळाच कागद घेऊन दारात उभा राहतो आणि खोटं आम्ही ठरतो.

आवश्यक गोष्टी. यातली एक जरी नसली तर डेमोला येण्याचा त्रास घेऊ नका, आधीच कळवा.

पट्टी मराठीत, युनिकोडमध्ये. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे. कागदावर अक्षर सुरेख, पण तीच पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की शेतकऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हांची रांग उमटते. आता अर्धे शेतकरी यार्डात न येता फोनवरच पट्टी मागतात. पण गादीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, कार्बन लावून तीन प्रती एका दमात निघतात, तो आम्ही काढणार नाही. युनिकोड मराठी त्यावर ग्राफिकसारखी छापली जाते आणि प्रिंटर रडत रडत चालतो, हे ठाऊक आहे. एका पट्टीला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघणार.

शेतकऱ्याची ओळख. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील आमच्या खात्यात आहेत, त्यातल्या दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. मागच्या हंगामात एकाची रक्कम दुसऱ्याच्या बँक खात्यात गेली. माणूस भला निघाला, परत मिळाली, पण पुढच्या वेळी निघेलच असं नाही. नाव टाइप केलं की गाव, मोबाइल आणि मागच्या पट्टीची तारीख एकाच ओळीत दिसली पाहिजे. बँक खातं बदललं तर दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय पैसे सुटू नयेत.

इंटरनेट बंद असताना काम. सौद्याच्या वेळी यार्डात नेटची बोंब होते. क्लाउड असो वा नसो, नेट गेलं तरी काटापट्टी आणि कच्ची नोंद थांबता कामा नये, आणि नेट आल्यावर दोन ठिकाणी एकाच नंबरची पट्टी तयार झालेली नको.

बॅकअप यार्डाबाहेर. हे सांगलीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही, पुण्यात कदाचित लागेल. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं, तेव्हा आमचं जुनं ऑफिस गणपती पेठेत तळमजल्यावर होतं. संगणक गेला, आणि त्याला लावलेली प्रोग्रॅमच्या लायसन्सची चावीही गेली. डेटाची पेनड्राइव्ह घरी होती म्हणून वाचली, पण चावीशिवाय ती उघडेना. नवी चावी मिळेपर्यंत तीन आठवडे आम्ही येणं-देणं वहीवरून चालवलं. त्यामुळे लायसन्स वस्तूला बांधलेलं चालणार नाही, आणि रोजचा बॅकअप शहराबाहेर असलाच पाहिजे. तो परत कसा आणायचा, हेही डेमोतच करून दाखवा.

बेदाण्याचा साठा. एका लॉटचे ४०० बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्ये येतात आणि पाच वेळा थोडे थोडे निघतात. हिरवा, पिवळा, काळा, प्रत्येकाची प्रत वेगळी. भाडं बॉक्समागे महिन्यावर, पण शेतकऱ्याचं वेगळं आणि आमचं वेगळं. कुठल्या चेंबरमध्ये कोणाचे किती बॉक्स उरले, हे फोनवर दिसायला हवं. सौद्यात जी तूट धरली जाते तिचा रकाना स्वतंत्र हवा, हमालीत मिसळलेला नको.

करांचं थोडक्यात सांगतो, कारण आमचे सीए याबद्दल तुम्हाला वेगळं छळणार आहेत. उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, म्हणजे ई-इनव्हॉइस लागतं आणि ते त्याच स्क्रीनवरून निघालं पाहिजे. ई-वे बिलाची मर्यादा राज्यात ₹१ लाख आणि बाहेर ₹५० हजार, हा फरक प्रोग्रॅमने स्वतः ओळखावा. कराचा दर तारखेनुसार बदलता यावा. आत्ताच २२ सप्टेंबरपासून पुठ्ठ्याचे बॉक्स १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दर बदलला तर मागची बिलंही बदलली, ती हाताने पूर्ववत करण्यात दोन दिवस गेले. बाजार फी, देखरेख खर्च, हमालीवरची माथाडी मंडळाची लेव्ही, हे सगळं मालानुसार आणि कोणाकडून घ्यायचं त्यानुसार ठरवता आलं पाहिजे, आणि ठरवायला दरवेळी तुमचा माणूस लागता कामा नये.

वापरणारे एकूण १५. गादीवर ३, सौद्यात फोन घेऊन फिरणारे ४, कोल्ड स्टोरेजवर २, हिशोबाला ३, आम्ही दोघे भागीदार आणि सीए. शेवटचे तिघे फक्त बघणारे. एका वेळी जास्तीत जास्त ९ जण, तेही हंगामात. ऑगस्ट ते नोव्हेंबर ५ जणसुद्धा रोज बसत नाहीत. दर माणशी वर्षभराचा असेल तर तो आम्हाला परवडणार नाही, हे आधीच सांगतो. एकाच वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर दर देता येतो का ते बघा. गादीवरच्या पोरांना शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक पूर्ण दिसू नये, आणि छापलेली पट्टी कोणी उघडली, कोणी बदलली याची नोंद कायम राहावी.

असतील तर छान, नसतील तरी चालेल अशा गोष्टी: शेतकऱ्याला पैसे जमा झाल्याचा मेसेज, दिवसाच्या शेवटी भावांचा गोषवारा, मोबाइलवर येणी. रंगीत आलेख नकोत.

आम्ही तीन कंपन्यांना हेच पत्र पाठवत आहोत. १०० गुणांत तोलणार. पट्टी, वांधा आणि उचल यांना ३५. गादीवरच्या वेगाला २०, त्यात माउसला हात न लावता पट्टी निघाली पाहिजे. जुना डेटा आणणं आणि नंतरची सेवा यांना २०. पाच वर्षांचा एकूण खर्च १५. उरलेले १० बॅकअप आणि अधिकारांना. गुण चौघे देणार: दिवाणजी, हिशोबातल्या सुनीताताई, सीए आणि मी. बरोबरी झाली तर दिवाणजींचा शब्द शेवटचा. नवं काही आलं की नाक मुरडणारा माणूस आहे, पण त्यांना पटलं तर पेढीत कोणी कुरकुर करत नाही.

सेवेबद्दल एक प्रश्न लेखी उत्तरासाठी: फेब्रुवारीत सकाळी साडेअकराला, सौदा चालू असताना प्रोग्रॅम अडकला, तर फोन कोण उचलणार? तक्रार क्रमांक आणि ४८ तासांत प्रतिसाद हे उत्तर धरणार नाही. दुसरा प्रश्न: उद्या आम्ही सोडून गेलो, किंवा तुमचीच कंपनी बंद झाली, तर संपूर्ण डेटा एक्सेलमध्ये, मराठी नावांसकट, आमच्या हाती कसा येईल? कोटेशनमध्ये लायसन्स, बसवणी, शिकवणी, डेटा आणणं, वार्षिक देखभाल आणि जीएसटी वेगवेगळे दाखवून पाच वर्षांची बेरीज करा. पहिल्या वर्षाची सूट दाखवू नका, तिने आमचं मत बदलत नाही.

डेमो बुधवार, २९ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजता ठेवावा. दिवाळी उरकलेली असेल आणि दुपारी यार्ड शांत असतं. अडीच तास लागतील. विक्रीच्या माणसासोबत ज्याने प्रत्यक्ष अशी पेढी चालू करून दिली आहे, असा एक जण हवा. आपण ज्यांच्याकडे दोन हंगाम काम करत आहात अशा दोन आडत पेढ्यांशी आम्हाला बोलायचं आहे, त्यांना विचारून नंबर द्या. पुढे नोव्हेंबरमध्ये १५ दिवस चाचणी, ३० नोव्हेंबरपर्यंत निर्णय आणि हळदीचा हंगाम रंगात येण्याआधी, म्हणजे जानेवारीत, सुरुवात असा बेत आहे.

सोबत दहा जुन्या पट्ट्या, दोन खरेदीदारांची बिलं आणि कोल्ड स्टोरेजच्या वहीचं एक पान जोडलं आहे. नावं आणि खाते क्रमांक झाकले आहेत. सातव्या पट्टीत एक चूक आहे, ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. येण्याचं नक्की असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत कळवा.

आपला,
संजय
भागीदार, हळद-बेदाणा आडत पेढी
मार्केट यार्ड, सांगली