काकांच्या डिस्चार्ज कार्डावरचे चार शब्द

मावशी,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा बाहेर पेशंट बसले होते, नीट बोलता आलं नाही. आता रात्री तू पाठवलेला कार्डाचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. सगळं सावकाश लिहिते आहे. चष्मा लावून वाच, आणि सुनीललाही वाचायला दे.

तू विचारलंस, "अ‍ॅक्यूट म्हणजे तीव्र ना गं? मग हे शेवटचंच की." ही भीती त्या मराठी शब्दामुळे आली आहे. पुस्तकांत अ‍ॅक्यूटला 'तीव्र' म्हणतात आणि ऐकणाऱ्याचा धीर तिथेच सुटतो. डॉक्टर तो शब्द वेळेसाठी वापरतात. जे अचानक, काही तासांत किंवा दिवसांत उद्भवलं, ते अ‍ॅक्यूट. सर्दी अ‍ॅक्यूट असते, हार्ट अटॅकही अ‍ॅक्यूटच. दुखणं किती मोठं आहे हे या शब्दावरून कळत नाही. एवढं मात्र कळतं की दुखणं ताजं आहे, लगेच हालचाल करायला हवी, आणि कारण सापडलं तर पुष्कळदा ते मागेही फिरतं.

क्रॉनिक त्याच्या उलट. जुनं, मुरलेलं. किडनीच्या बाबतीत बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला की क्रॉनिक म्हणायचं, असा नियम आहे. तू पंधरा वर्षं बीपीची गोळी घेतेस, तेही क्रॉनिकच. पण तुला कुणी आजारी म्हणत नाही.

आता काकांच्या कार्डावर हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत: अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक किडनी डिसीज. तू म्हणालीस, दोन-दोन रोग लिहिलेत. तसं नाही. किडनी आधीच थोडी अधू होती, तिच्यावर अचानक एक घाव बसला, एवढंच त्या ओळीत आहे. किडनीचं काम मंदावलं की रक्तात साचतं ते क्रिएटिनिन मार्चमधल्या रिपोर्टमध्ये १.८ होतं, त्याआधी दिवाळीत १.७. म्हणजे अधूपणा जुना. बीपी होतंच, शिवाय संधिवाताचं निदान होण्याआधी सांधे धरले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, असं त्यांनी कित्येक वर्षं केलं. तुम्हा दोघांचा यात दोष नाही. त्या गोळ्या किडनीला सोसत नाहीत हे कुणी सांगितलंच नव्हतं. भरती केलं त्या दिवशी क्रिएटिनिन ४.९ होतं, तिसऱ्या दिवशी ३.१, घरी सोडताना २.२. उतरणारे हे आकडे बघ. अ‍ॅक्यूट भाग परत फिरतो आहे. आकडा पुन्हा १.८ च्या आसपास थांबला तर मला समाधान आहे. त्याखाली येईल अशी आशा मी तुला लावणार नाही, कारण क्रॉनिक भाग राहणार आहे. पण क्रॉनिक म्हणजे डायलिसिस नव्हे. किडनीच्या आजाराच्या पाच पायऱ्या असतात, मार्चच्या आकड्यावरून काका तिसरीवर आहेत, आणि कायमच्या डायलिसिसची गोष्ट साधारण पाचवीवर निघते.

मग घाव बसला कशाने? इथे तिसरा शब्द येतो, ज्यावर तू सुटकेचा श्वास टाकलास. बिनाइन. सुनीलने गूगलवर बघून सांगितलं, 'निरुपद्रवी'. त्याने अर्थ शोधला तो अर्धाच बरोबर आहे. बिनाइन म्हणजे कॅन्सर नाही, ती वाढ शेजारच्या अवयवांत घुसत नाही, रक्तातून दुसरीकडे जाऊन रुजत नाही. काकांची प्रोस्टेट ग्रंथी वयामुळे वाढली आहे. साठीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांत ती वाढलेली असते, आणि या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. पण ती ग्रंथी असते लघवीच्या वाटेभोवती. वाढली की वाट आवळते. रात्री चार-चारदा उठणं, धार बारीक होणं हे दोन वर्षं चाललं होतं, त्यांनी 'वय झालं' म्हणून सांगितलं नाही. त्यात मागच्या आठवड्यात सर्दीची गोळी घेतली. त्यातल्या काही औषधांनी ती वाट आणखी आवळते. लघवी तुंबली, दाब मागे किडन्यांपर्यंत गेला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या लिहिल्या आहेत त्या म्हणूनच. नळी घातल्यावर एकदम सव्वा लिटर लघवी निघाली, त्यानंतरच क्रिएटिनिन उतरू लागलं. कार्डावरच्या चार शब्दांतला सगळ्यात सौम्य शब्द, आणि दवाखान्यात नेलं त्यानेच. म्हणून बिनाइन वाचून बिनधास्त राहू नका.

कॅन्सर नाही हे त्यांनी कशावरून म्हटलं, असंही तू विचारशील. बोटाने तपासलं तेव्हा ग्रंथी गुळगुळीत लागली, असं कार्डावर आहे. पीएसए नावाची रक्ततपासणी मात्र मुद्दाम आत्ता केलेली नाही. लघवी तुंबलेली असताना आणि नळी घातल्यावर तो आकडा उगाच वाढतो आणि घरभर घबराट होते. काही आठवड्यांनी करतील. तेव्हा ती राहून जाऊ देऊ नकोस.

राहिला शेवटचा शब्द. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, इन रेमिशन. हा वाचून तू म्हणालीस, "चला, संधिवात तरी गेला, आता त्या गोळ्या बंद." मावशी, हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. रेमिशन म्हणजे रोग शांत झाला आहे. सांध्यांची सूज नाही, रक्तातले सुजेचे आकडे खाली आहेत, काका सकाळी स्वतः शर्टाची बटणं लावतात. आठवतं ना, तीन वर्षांपूर्वी तू लावून द्यायचीस? हे खरंच मोठं यश आहे. पण ते बऱ्याच अंशी औषधांनी धरून ठेवलेलं आहे. मनाने गोळ्या सोडल्या तर पुष्कळांचा संधिवात काही महिन्यांत पुन्हा उठतो. तसं झालं की पुन्हा वेदनाशामक गोळ्या, आणि पुन्हा किडनीवर भार.

कार्डावर संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी बंद केली आहे, ते खरं. पण ती किडनीमुळे बंद केली आहे, कारण किडनी मंदावली की ते औषध अंगात साचून त्रास देतं. रेमिशनशी त्याचा संबंध नाही. बाकीच्या गोळ्या लिहिल्यात तशा चालू ठेव, आणि त्या गोळीऐवजी काय, हे संधिवाताच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचार. जाताना हे कार्ड घेऊन जा.

तोपर्यंत एवढं कर. सर्दी-खोकला, अंगदुखी, काहीही झालं तरी दुकानातून गोळी आणायची नाही. पाणी किती प्यायचं ते कार्डावर लिहिलं आहे तेवढंच. लघवीच्या पिशवीतला आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिही. ताप आला, थंडी वाजली, पिशवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा चार-पाच तास पिशवी कोरडी राहिली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, माझ्या फोनची वाट बघायची नाही.

सोमवारी नळी काढून बघणार आहेत. आपोआप लघवी झाली नाही तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बोलतील, तेव्हा घाबरू नकोस. मी रविवारी रात्रीच्या गाडीने बार्शीला येते आणि तुमच्याबरोबर दवाखान्यात असेन. मार्च आणि दिवाळीचे जुने रिपोर्ट कपाटातून काढून ठेव.

तुझी,
मेधा