औषधमात्रेतील चुकीबाबत घटना अहवाल: स्त्री वैद्यकीय कक्ष, खाट क्रमांक 14

दिनांक: 13 ऑगस्ट 2025, सकाळी 7.15

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक
(मा. अधिसेविका यांच्यामार्फत)

विषय: दि. 12 ऑगस्ट 2025 रोजी सायंकाळी रुग्णास इन्सुलिनची नमूद मात्रेपेक्षा जास्त मात्रा दिली गेल्याबाबत.

महोदय,

मी काल रात्रपाळीस स्त्री वैद्यकीय कक्षात अधिपरिचारिका म्हणून कामावर होते. पाळी ताब्यात घेताना खाट क्रमांक 14 वरील रुग्णास 12 ऐवजी 30 युनिट इन्सुलिन दिले गेल्याचे माझ्या लक्षात आले. त्यापुढील सर्व बाबी मी स्वतः पाहिल्या किंवा केल्या आहेत. त्याआधीचे मला सायंपाळीच्या परिचारिकेने सांगितले. ते जिथे लिहिले आहे तिथे तसा उल्लेख केला आहे.

रुग्ण 62 वर्षांच्या महिला असून त्यांना टाइप 2 मधुमेह आहे. उजव्या पायाच्या सेल्युलायटिससाठी त्या 10 ऑगस्टपासून दाखल आहेत. वजन 58 किलो, सीरम क्रिएटिनिन 1.7, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू. या शेवटच्या दोन गोष्टी मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहीत आहे. मूत्रपिंड मंदावले असले तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. मेटोप्रोलॉल चालू असताना साखर उतरली तरी धडधड आणि हातांची थरथर हवी तशी जाणवत नाही. म्हणून रात्रभर आम्ही तक्रारीची वाट न पाहता ग्लुकोमीटरवर भर दिला.

केस पेपरवरील आदेश असा होता: रेग्युलर इन्सुलिन 12 युनिट, त्वचेखाली, रात्रीच्या जेवणापूर्वी. सायंकाळी 7.25 वाजता साखर 276 होती (या अहवालातील साखरेचे सर्व आकडे मिग्रॅ प्रति डेसीलिटर आहेत). इंजेक्शन 7.35 वाजता पोटावर डाव्या बाजूला दिले गेले. इन्सुलिन चार्टवर 12 युनिट अशी नोंद व सही आहे. जेवण 8 वाजता आले. मळमळ असल्याने रुग्णाने अर्धी पोळी आणि थोडे वरण एवढेच घेतले.

मी 8.10 वाजता कक्षात आले. खाटेखाट ताबा घेत 8.20 च्या सुमारास 14 नंबरपाशी पोहोचले तेव्हा इंजेक्शन ट्रॉलीवर कक्षाची इन्सुलिनची कुपी रिकामी होती. शेजारी पेनमध्ये घालायची 3 मिलीची काडतूस-कुपी आणि लाल टोपणाची वापरलेली इन्सुलिन सिरिंज होती. काडतुसावर 1 मिलीत 100 युनिट असे छापले आहे. लाल टोपणाची सिरिंज 1 मिलीत 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते आणि तिच्यावरील खुणाही त्याच हिशेबाच्या असतात. 100 युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. "14 नंबरला यातून दिलं का?" असे मी विचारले. परिचारिकेने क्षणही न घालवता हो म्हटले आणि सिरिंज 12 च्या खुणेपर्यंत भरल्याचे सांगितले.

हिशेब आम्ही दोघींनी तिथेच कागदावर मांडला. 40 च्या सिरिंजवर 12 ची खूण म्हणजे 0.3 मिली. 100 युनिटच्या इन्सुलिनचे 0.3 मिली म्हणजे 30 युनिट. रुग्णास अडीचपट मात्रा गेली होती आणि ती जाऊन 45 मिनिटे झाली होती. रेग्युलर इन्सुलिनचा सर्वाधिक जोर साधारण 2 ते 4 तासांत असतो, म्हणजे धोक्याची वेळ अजून यायची होती.

8.22 वाजता साखर 158, नाडी 72, रक्तदाब 134/82. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, बोलणे नीट. 8.25 वाजता ऑन कॉल वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. फोनवर औषधाचे नाव, आदेशातील मात्रा, प्रत्यक्ष गेलेली मात्रा, वेळ, साखर आणि क्रिएटिनिन एवढे सांगितले. ते येईपर्यंत अँटिबायोटिकसाठी लावलेली सलाइनची सुई चालू असल्याची खात्री केली आणि 25 टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन बाटल्या खाटेजवळ आणून ठेवल्या. रुग्णाला दूध-भात भरवण्याचा प्रयत्न केला. चार-पाच घासांनंतर त्यांनी नको म्हटले.

वैद्यकीय अधिकारी 8.32 वाजता आले. त्यांनी दर 15 मिनिटांनी साखर, 10 टक्के डेक्स्ट्रोज ताशी 60 मिली आणि सीरम पोटॅशियम असे आदेश दिले. डेक्स्ट्रोज 8.45 वाजता सुरू केले. तेवढ्या वेळात काल सायंकाळी इन्सुलिन घेतलेल्या इतर दोन रुग्णांची, खाट 6 आणि खाट 21, आम्ही तपासणी केली. परिचारिकेच्या सांगण्यानुसार त्यांना कक्षाच्या कुपीतूनच, ती संपण्यापूर्वी, दिले होते. साखर अनुक्रमे 184 आणि 211 आली. दोघींची 10 वाजता पुन्हा तपासणी केली, काही अडचण आढळली नाही.

खाट 14 ची साखर मात्र उतरतच होती: 8.40 ला 121, 8.55 ला 93, 9.10 ला 71. वैद्यकीय अधिकारी खाटेजवळच होते. त्यांनी डेक्स्ट्रोजचा वेग ताशी 100 मिली केला. रुग्णाला गिळता येत होते म्हणून 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजले. 9.25 वाजता रुग्ण म्हणाल्या, "सिस्टर, घाम सुटलाय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय." कपाळ व मान घामाने ओली होती, उत्तरे उशिरा येत होती. साखर 58, नाडी फक्त 78. त्याच वेळी प्रयोगशाळेसाठी नमुना घेतला (अहवाल 55). वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाने 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून 10 मिनिटांत दिले. 9.40 वाजता साखर 146, घाम थांबला, रुग्णाने स्वतःचे नाव, गाव आणि सुनेचे नाव बरोबर सांगितले. शुद्ध हरपणे, झटका किंवा पडणे यांपैकी काहीही झाले नाही.

यानंतर 25 टक्के डेक्स्ट्रोज पुन्हा द्यावे लागले नाही. 10 वाजता 128, 11 वाजता 102, मध्यरात्री 76. तेव्हा 10 टक्के डेक्स्ट्रोजचा वेग ताशी 125 मिली केला. 12.30 ला 97, 1 वाजता 112. पुढे दर तासाला घेतलेली साखर चढती राहिली, पहाटे 4 वाजता 139. तेथून वेग टप्प्याटप्प्याने कमी करून 5.30 वाजता डेक्स्ट्रोज बंद केले. 6 वाजता साखर 164. पोटॅशियम 9.45 ला 3.6 आणि रात्री 2 वाजता 3.4 होते. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवले व त्यांनी सकाळी पुन्हा तपासण्यास सांगितले आहे. संपूर्ण नोंद वेळेसह मॉनिटरिंग चार्टवर आहे.

रुग्णाच्या सून रात्री सोबत होत्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणि मी 8.50 वाजता त्यांना व रुग्णाला, म्हणजे साखर खाली येण्यापूर्वीच, सरळ सांगितले की इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेले आहे, साखर उतरण्याची शक्यता आहे आणि आम्ही त्यासाठी काय करत आहोत. सून घाबरल्या, रागावल्याही. तो राग योग्यच होता. रात्रभर प्रत्येक आकडा त्यांना दाखवला. मुलगा 10.15 ला आला, त्यांच्याशी वैद्यकीय अधिकारी पुन्हा बोलले. परिसेविकांना 8.35 ला आणि अधिसेविकांना 8.55 ला फोनवर कळवले.

काडतूस, रिकामी कुपी आणि सिरिंज (सुई काढून) वेगळ्या पिशवीत बंद करून, वेळ व दोघींच्या सह्या घालून परिसेविकांच्या कपाटात ठेवली आहे. चार्टवरील 12 युनिटची मूळ नोंद खोडलेली नाही. प्रत्यक्ष गेलेल्या मात्रेची स्वतंत्र नोंद 8.40 या वेळेसह खाली केली आहे. फ्रिजमधील इन्सुलिन रात्रीच तपासले. रुग्णांच्या घरून आलेले आणखी एक काडतूस सापडले, तेही वेगळे काढून नाव लावून ठेवले. अपघात विभागाच्या साठ्यातून 40 युनिटची नवी कुपी 9 वाजता आणून घेतली.

आता हे काडतूस ट्रॉलीवर कसे आले, याबद्दल मला समजलेले लिहिते. ते रुग्णाचे स्वतःचे आहे. दाखल होताना त्यांनी घरची औषधे सोबत आणली, पेन मात्र घरीच राहिले. काडतूस कक्षाच्या फ्रिजमध्ये, कक्षाच्या कुपीच्याच ट्रेमध्ये ठेवले गेले. घरच्या औषधांच्या वहीत त्याची नोंद मला सापडली नाही. परिचारिकेच्या सांगण्यानुसार कक्षाची कुपी 7.30 च्या सुमारास संपली, औषध भांडार बंद झाले होते, जेवण येण्याची वेळ झाली होती आणि तेच औषध, त्याच रुग्णाच्या नावाचे, फ्रिजमध्ये होते. इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचे असते. पण दुसरी परिचारिका 7.15 पासून एका रुग्णाला घेऊन एक्स-रे विभागात गेली होती, आणि कक्षात 34 रुग्ण होते. आदेशात युनिट आहेत, इन्सुलिन किती ताकदीचे हे लिहिलेले नाही. आजवर कक्षात एकच ताकद असल्याने ते कोणी लिहीत नव्हते.

यातून कोणाची जबाबदारी किती, हे ठरवणे माझे काम नाही. मात्र एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्या परिचारिकेने विचारताच खरे सांगितले, म्हणून साखर 158 असतानाच आमच्या हाती वेळ आला. पाळी संपूनही ती रात्री 11 पर्यंत थांबली, बहुतेक तपासण्या तिनेच केल्या. चौकशीत हे विचारात घ्यावे, ही विनंती.

सध्या, म्हणजे सकाळी 7 वाजता, रुग्ण शुद्धीवर असून नाडी 74, रक्तदाब 130/80, साखर 171 आहे. चहा-बिस्किटे घेतली आहेत. सकाळचे इन्सुलिन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाने थांबवले आहे. ते फिजिशियनांच्या फेरीनंतरच, नव्या लेखी आदेशाने द्यायचे आहे. 8 वाजता पोटॅशियम व क्रिएटिनिनचा नमुना घ्यायचा आहे. दुपारपर्यंत दर दोन तासांनी साखर पाहायची आहे. दोन्ही बाबी सकाळपाळीच्या परिचारिकेला खाटेजवळ, चार्ट दाखवून सांगत आहे. काडतूस नातेवाइकांना परत देण्याचा निर्णय चौकशीनंतर व्हावा.

सोबत मॉनिटरिंग चार्ट, इन्सुलिन चार्ट व प्रयोगशाळा अहवालांच्या छायाप्रती आणि सायंपाळीच्या परिचारिकेचे स्वहस्ताक्षरातील निवेदन जोडले आहे.

आपली विश्वासू,
अधिपरिचारिका, रात्रपाळी
स्त्री वैद्यकीय कक्ष