परिपत्रक: रक्तनमुन्यांचे लेबल रुग्णाच्या खाटेपाशीच लावण्याबाबत

दिनांक: १८ मे २०२६

प्रति,
सर्व परिसेविका, अधिपरिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रक्तपेढी तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर व कक्षसेवक

सोमवार, दिनांक १ जून २०२६ रोजी सकाळी ६ वाजताच्या पहिल्या फेरीपासून अतिदक्षता विभाग, पुरुष वैद्यकीय वॉर्ड आणि स्त्री वैद्यकीय वॉर्ड येथे रुग्णाचा रक्तनमुना घेतल्यावर त्याचे लेबल त्याच खाटेपाशी, रुग्णापासून दूर जाण्याआधी लावायचे आहे. शस्त्रक्रिया वॉर्ड, प्रसूती विभाग, बालरुग्ण विभाग आणि अपघात विभागात हीच पद्धत सोमवार, दिनांक १५ जून २०२६ रोजी सकाळी ६ वाजल्यापासून लागू होईल. आपल्या कामातील बराचसा भाग जसाच्या तसा राहणार असल्यामुळे आधी तो सांगून मग बदलणाऱ्या गोष्टींकडे वळत आहे.

जे बदलत नाही

तपासणी कोणती करायची हे पूर्वीप्रमाणेच डॉक्टर केसपेपरवर लिहितील आणि त्यांच्या सहीशिवाय नमुना घेतला जाणार नाही. नमुना घेण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहील; कोणाचीही पाळी, वॉर्ड किंवा नेमणूक या बदलामुळे हलणार नाही. बाह्यरुग्ण विभागातील नमुने घेण्याच्या खोलीत लेबल रुग्णासमोरच लागते, त्यामुळे तेथे काहीही बदल नाही. चिंताजनक निकाल आल्यास प्रयोगशाळेने वॉर्डात तत्काळ फोन करणे, फोन घेणाऱ्याने तो आकडा लिहून घेऊन परत वाचून दाखवणे, आणि वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यातच टाकणे हेही पूर्वीप्रमाणेच आहे.

बल्बचे रंग आणि ते भरण्याचा क्रम बदललेला नाही. आधी निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग लाल झाकणाचा प्लेन, त्यानंतर जांभळा ईडीटीए आणि शेवटी राखाडी फ्लोराइड, हाच क्रम ठेवावा. नव्या पद्धतीच्या गडबडीत हा क्रम चुकू नये, म्हणून त्याचे कारण येथे पुन्हा नोंदवतो. जांभळ्या बल्बमधील ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या स्वरूपात असते. त्याचा अंश प्लेन बल्बमध्ये गेला तर रुग्णाचे पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते, आणि अशा आकड्यावर औषध सुरू झाले तर रुग्णाला नसलेल्या आजाराचा उपचार होतो. निळा बल्ब खुणेपर्यंतच भरावा, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखले गेले नाही तर रक्त गोठण्याच्या वेळेचा निकाल भरवशाचा राहत नाही. सलाईन चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ नये, हा नियमही कायम आहे.

जे बदलते

आजवर अनेक वॉर्डांत सकाळच्या फेरीआधी परिचारिका कक्षात सर्व रुग्णांच्या बल्बवर नावे लिहून ट्रे तयार ठेवला जात असे, किंवा नमुने गोळा करून आणल्यावर टेबलाशी बसून लेबले चिकटवली जात. त्या-त्या वॉर्डात नवी पद्धत सुरू होईल त्या दिवसापासून या दोन्ही रीती बंद होतील. आधीच लेबल लावलेला बल्ब ट्रेमध्ये ठेवायचा नाही आणि लेबल नसलेला भरलेला बल्ब खाटेपासून हलवायचा नाही.

लेबल आधी लावून ठेवले तर काम सोपे होते, ही आपणांपैकी अनेकांची भावना मला ठाऊक आहे आणि ती रास्त आहे. पण एखाद्या रुग्णाची शीर सापडत नाही, त्याचा बल्ब रिकामाच राहतो, पुढच्या खाटेवरील रुग्णासाठी एक बल्ब कमी पडतो आणि घाईत तोच नाव लिहिलेला बल्ब हातात येतो. अशा वेळी लेबल शुद्ध, अक्षर सुवाच्य आणि रक्त मात्र दुसऱ्याचे असते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने कितीही काळजी घेतली तरी अशी चूक तेथे पकडता येत नाही, कारण बल्बवर दिसणारे सर्व काही बरोबरच असते. आपल्या भागात एकाच वॉर्डात पाटील आडनावाचे तीन-चार रुग्ण असणे आणि त्यांतील दोघांची पहिली नावेही सारखी असणे यात नवल नाही, म्हणून केवळ नावावर विसंबणेही यापुढे चालणार नाही.

नवी पद्धत अशी राहील. एका वेळी एकाच रुग्णाचे काम घ्यावे. त्या रुग्णाच्या तपासण्या संगणकावर पाहून तेवढीच बारकोड लेबले छापावीत आणि लेबल न लावलेले बल्ब व छापलेली लेबले घेऊन खाटेपाशी जावे. तेथे रुग्णाला त्याचे पूर्ण नाव सांगण्यास सांगावे. ‘आपण अमुक का?’ असे विचारू नये, कारण तापाच्या ग्लानीत असलेला किंवा कमी ऐकू येणारा वृद्ध रुग्ण कोणत्याही नावाला मान डोलावून ‘हो’ म्हणतो. सांगितलेले नाव आणि आयपीडी क्रमांक या दोन्ही गोष्टी मनगटपट्टीशी व लेबलाशी जुळवाव्यात आणि मगच नमुना घ्यावा. नमुना घेऊन बल्ब हलक्या हाताने उलटसुलट केल्यावर तेथेच लेबल लावावे, त्यावर वेळ व सही करावी आणि लावलेले लेबल पुन्हा एकदा मनगटपट्टीशी ताडून पाहावे. हे पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या खाटेकडे वळू नये. नमुना निघाला नाही, तर न वापरलेले लेबल तेथेच फाडून टाकावे.

रुग्ण बेशुद्ध असेल, बोलू शकत नसेल किंवा लहान मूल असेल, तर सोबतच्या नातेवाइकाकडून नाव विचारून घ्यावे. नातेवाईक नसेल तर ड्यूटीवरील दुसऱ्या परिचारिकेने मनगटपट्टी वाचून लेबलावर दुसरी सही करावी. सलाईन लावताना मनगटपट्टी कापून ती खाटेच्या दांडीला किंवा सलाईनच्या स्टँडला अडकवलेली आढळते. अशी पट्टी ओळख म्हणून ग्राह्य धरू नये. आधी नवी पट्टी रुग्णाच्या दुसऱ्या हाताला किंवा पायाला बांधावी आणि नंतरच नमुना घ्यावा. प्रसूती विभागात बाळाच्या लेबलावर आईचे पूर्ण नाव, आईचा आयपीडी क्रमांक आणि बाळाचा स्वतंत्र क्रमांक असे तिन्ही राहतील. जुळ्यांच्या बाबतीत ‘बाळ १’ व ‘बाळ २’ हे जन्माच्या क्रमानेच लिहिले जाईल.

प्रयोगशाळेच्या खिडकीवरही बदल होईल. आतापर्यंत लेबल नसलेला किंवा नाव अपुरे असलेला बल्ब आला की तंत्रज्ञ वॉर्डात फोन करत आणि कोणीतरी खाली येऊन लेबल दुरुस्त करत असे. यापुढे खिडकीवर लेबल लावण्यास किंवा दुरुस्त करण्यास परवानगी नाही. असा नमुना नाकारला जाईल, नाकारल्याची नोंद संगणकावर होईल आणि वॉर्डाला लगेच कळवून नवा नमुना मागवला जाईल. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते हे मलाही रुचत नाही, पण कोणाचे रक्त आहे याची खात्री नसलेल्या बल्बचा निकाल देणे त्याहून वाईट आहे. पाठीच्या मण्यातून काढलेले पाणी, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा किंवा प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले कल्चर असे पुन्हा मिळू न शकणारे नमुने मात्र फेकले जाणार नाहीत. अशा वेळी नमुना घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः प्रयोगशाळेत येऊन ओळख पटवून सही करावी; त्या अहवालावर तसा शेरा छापला जाईल.

रक्तपेढीसाठी एक वाढीव नियम आहे. ज्या रुग्णाच्या रक्तगटाची आपल्याकडे पूर्वीची नोंद नाही, त्याचे रक्तगटासाठी दोन वेगळ्या वेळी घेतलेले दोन नमुने लागतील. एकदाच टोचून दोन बल्ब भरले आणि त्यांवर दोन वेगवेगळ्या वेळा लिहिल्या, तर या नियमाचा हेतूच संपतो. एकाच चुकीच्या रुग्णाचे दोन बल्ब एकमेकांशी जुळणारच. म्हणून दुसरा नमुना शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने घ्यावा. जीव वाचवण्यासाठी रक्त ताबडतोब हवे असेल, तर दुसऱ्या नमुन्याची वाट पाहिली जाणार नाही. डॉक्टरांच्या लेखी मागणीवर रक्तपेढी ओ गटाच्या लाल पेशी देईल.

वॉर्डातील ‘नमुना वही’ त्या-त्या वॉर्डात नवी पद्धत सुरू होईल त्या दिवसापासून बंद होईल, कारण बारकोड वाचला जाताच वेळ व नाव संगणकात नोंदले जाते. संगणक किंवा छपाई यंत्र बंद पडल्यास लेबल हाताने लिहावे, मात्र तेही खाटेपाशीच.

वेळेबाबत

या पद्धतीने सकाळच्या फेरीला अधिक वेळ लागेल, हे गृहीत धरूनच नियोजन केले आहे. सकाळचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवण्याची अंतिम वेळ साडेसातऐवजी आठ करण्यात येत आहे आणि नेहमीचे अहवाल साडेनऊऐवजी दहा वाजता मिळतील. सर्व विभागप्रमुखांनी आपल्या राउंडची वेळ त्यानुसार ठेवण्यास संमती दिली आहे, त्यामुळे अहवाल उशिरा आल्याबद्दल कोणत्याही परिचारिकेला जाब विचारला जाणार नाही. तातडीच्या नमुन्यांच्या वेळा बदललेल्या नाहीत.

१ ते १५ जून या काळात रुग्णालयात दोन्ही पद्धती एकत्र चालतील. या काळात रुग्ण एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवला गेल्यास, नमुना ज्या वॉर्डात घेतला त्या वॉर्डाचा नियम लागू राहील. १ जूनची पहिली फेरी ३१ मेच्या रात्रपाळीतील परिचारिकाच करणार आहेत, याकडे संबंधित परिसेविकांनी विशेष लक्ष द्यावे.

प्रशिक्षण २५ ते २९ मे या काळात प्रयोगशाळेशेजारील सभाकक्षात होईल. सकाळपाळी व दुपारपाळीसाठी ते दुपारी सव्वादोन वाजता आणि रात्रपाळीसाठी सकाळी सव्वाआठ वाजता राहील. पाळीच्या वेळेबाहेर उपस्थित राहणाऱ्यांना तेवढ्या वेळेची भरपाई रजा मिळेल. प्रत्येकाने एकदा उपस्थित राहणे आवश्यक आहे. जे रजेवर आहेत त्यांच्यासाठी परिसेविकांनी अधिसेविका कार्यालयात नावे कळवावीत.

नमुना नाकारला गेल्याच्या नोंदी कोणाच्याही गोपनीय अहवालात धरल्या जाणार नाहीत. चुकीचे लेबल लागल्याचे स्वतःच्या लक्षात आल्यास ते त्याच क्षणी प्रयोगशाळेला कळवावे, अहवाल निघाला असला तरीही. ही पद्धत राबवताना एखाद्या वॉर्डात प्रत्यक्ष अडचण आली, उदाहरणार्थ छपाई यंत्र खाटांपासून फार लांब असणे किंवा ट्रॉलीवर जागा न पुरणे, तर ती परिसेविकांमार्फत अधिसेविका कार्यालयाला लेखी कळवावी. ३० जूनपर्यंत आलेल्या सूचनांवर जुलैच्या पहिल्या आठवड्यातील बैठकीत निर्णय घेतला जाईल.

वैद्यकीय अधीक्षक

प्रत: अधिसेविका कार्यालय, प्रयोगशाळा प्रमुख, रक्तपेढी अधिकारी, सर्व विभागप्रमुख, सर्व वॉर्डांचे सूचना फलक