‘पानी’ अशी हाक मारली तेव्हा

(इयत्ता पाचवी, मूल्यशिक्षणाचा तास)

मुलांनो, मित्रांमध्ये थट्टामस्करी चालायचीच. आज तू माझ्यावर हसलास, उद्या मी तुझ्यावर हसेन आणि दोघेही घरी एकाच सायकलवर जाऊ, अशी ती असते. मात्र एकाच मुलाला किंवा मुलीला रोज, ठरवून, चारचौघांत चिडवले जाते आणि हसणाऱ्यांत ती व्यक्ती कधीच नसते, तेव्हा त्या प्रकाराला थट्टा म्हणता येत नाही. तो छळ असतो, मग त्यात कोणी हात उगारलेला नसला तरीही.

आजच्या नाट्यप्रवेशांत सुबोध, कुणाल, ओजस आणि आर्या अशी चार पात्रे आहेत. (शिक्षकांसाठी: वर्गात ज्याला खरोखर चिडवले जाते, त्याला सुबोधची भूमिका देऊ नये. प्रवेश संपल्यावर प्रत्येकाने आपले खरे नाव मोठ्याने सांगून जागेवर बसावे.)

प्रवेश पहिला

(सुबोध भंडारा जिल्ह्यातील लाखनीहून नागपूरच्या शाळेत नुकताच आला आहे. तो उभा राहून धडा वाचतो.)

सुबोध : ‘विहिरीचे पानी आटले...’
कुणाल : (हळूच) पानी! अबे, पानी म्हणते हा!
(ओजस हसतो. सुबोध पुढची ओळ वाचताना ‘ण’ असलेला शब्द गाळतो.)
कुणाल : (मधल्या सुट्टीत) ए पानी, इकडे ये!

येथे थोडे थांबूया. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे आणि तिकडच्या झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. सुबोधची आई, आजी, शेजारी सारे ‘पानी’च म्हणतात, त्यामुळे कुणाल हसतो, तेव्हा तो एका उच्चारावर नव्हे, तर सुबोधच्या अख्ख्या घरावर हसत असतो. आता ओजसकडे पाहा. तो एक शब्दही बोललेला नाही, तरी त्याच्या हसण्याशिवाय कुणालने पुन्हा हाक मारली असती का? वर्गाने यावर पाच मिनिटे बोलावे.

प्रवेश दुसरा

(आठवडा उलटला आहे. सुबोध एकटाच डबा खातो आहे. आर्या आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी बसते.)

कुणाल : आर्या, पानीजवळ काऊन बसली?
आर्या : त्याचं नाव सुबोध आहे.
कुणाल : गंमत करून राहिलो ना बे!
आर्या : उन्हाळ्यात मी पुण्याला मावशीकडे गेली होती. ‘करून राहिली’ म्हटलं की तिथली मुलं हसायची. मला तर गंमत नव्हती वाटली. चौथ्या दिवशी मी बोलणंच बंद केलं.
ओजस : (डबा उचलून) सरक थोडी. मलाही बसू दे.

आर्याने भाषण दिले नाही आणि कुणालला उलट नावही ठेवले नाही. ती शेजारी बसली आणि तिने सुबोधचे खरे नाव सांगितले, एवढेच. हे सर्वांना दरवेळी जमेल असे नाही. समोरची मुले मोठी असतील किंवा मारहाण होत असेल, तर मध्ये पडण्याऐवजी धावत जाऊन शिक्षकांना बोलवावे. ही चुगली नव्हे: चुगली दुसऱ्याला अडकवण्यासाठी केली जाते, तर हे सांगणे कोणाला तरी सोडवण्यासाठी असते. घरी किंवा शाळेत सांगण्यासारखे कोणीच नसेल, तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र मोफत लागतो. तो आत्ताच वहीत लिहून घ्या.

प्रवेश तिसरा

(तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस.)

कुणाल : मी वर्गासमोर चिडवलं, म्हणून वर्गासमोरच सांगतो. सुबोध, माझं चुकलं. यापुढे त्या नावानं हाक मारणार नाही.
सुबोध : ठीक आहे. पन आज मला तुझ्यासंग खेळायचं नाही.
ओजस : अरे, सॉरी म्हटलं ना त्यानं!
आर्या : म्हटलं. वेळ तर लागेल ना.

काल आपण मारबतीची मिरवणूक पाहिली. ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी आपणही दिली. पण रोगराई गावाबाहेर जावी असे म्हणताना, आजारी माणसाला गावाबाहेर काढा, असे आपण म्हणत नाही. क्षमेचेही काहीसे तसेच आहे. कुणालचे वागणे वर्गातून जावे आणि कुणाल वर्गात राहावा. मात्र क्षमा केव्हा करायची, हे ठरवण्याचा अधिकार फक्त सुबोधचा आहे. आम्हा मोठ्यांची खोड अशी की दोघांचे हात ओढून मिळवायचे आणि प्रकरण मिटले म्हणायचे. तसे ते मिटत नाही.

(चार दिवसांनंतर. मैदान. चेंडू घरंगळत सुबोधच्या पायाशी येतो.)

कुणाल : सुबोध, एक ओव्हर टाकतो का?
(सुबोध चेंडू उचलतो, पँटला घासतो आणि काही न बोलता धाव घेण्यासाठी पावले मोजत मागे जातो.)